पैठणी हातमागाची आहे का आणि जरी चांदीची आहे का? फोटोंवरून सांगाल का?

मृण्मयी_बंगळुरू

नमस्कार मंडळी. जावेच्या ओळखीतल्या एका बाई साड्या विकतात. त्यांच्याकडे एक पैठणी पाहिली आणि मनात भरली. अंग गर्द जांभळं, त्यावर जरीची बुट्टी, रुंद ब्रोकेड काठ आणि पदरावर बांगडी मोर. किंमत ६२ हजार सांगतात. त्यांचं म्हणणं असं की ही पूर्ण हातमागाची आहे, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि जरी चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली आहे. सोबत सिल्क मार्कचं लेबलही आहे.

साडी पुण्यात आहे, मी इथे. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, तेव्हा तिकडे येणारच आहे, पण त्या म्हणतात की आधी निम्मे पैसे द्या म्हणजे राखून ठेवते. व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले आहेत, ते खाली जोडते: पदर सुलट बाजूने, पदर उलट बाजूने आणि लेबल. एवढ्यावरून काही सांगता येईल का?

गार्गी_ठाणे

मृण्मयी, मस्त आहे गं साडी! मला तर खरीच वाटते. पैठणीची साधी खूण म्हणजे उलट-सुलट दोन्हीकडून सारखी दिसली पाहिजे आणि ही दिसते आहे. नकली असती तर मागे धाग्यांचं जाळं लोंबत असतं. जरीचा एक धागा काठाच्या टोकाहून काढून खरवडायला सांग. आतून लाल धागा निघाला तर चांदीची जरी, पांढरा निघाला तर नकली. आणि सिल्क मार्क आहे म्हणजे काळजीच नाही. घेऊन टाक.

तिल्ली

गार्गीताई, पहिली खूण बरोबर आहे, पण ती पदरापुरती. बाकीच्या दोन खुणांवर मात्र एवढे पैसे लावू नयेत.

मृण्मयीताई, माझं घर येवल्याचं, घरात दोन हातमाग आहेत, लहानपणापासून फणीचा आवाज ऐकतच वाढलो. या तीन फोटोंवरून मी तुम्हाला हो किंवा नाही सांगणार नाही, कारण ज्या गोष्टी बघायच्या त्या यात दिसतच नाहीत. दुसरा फोटो खरंच उलट्या बाजूचा आहे का, इथपासून शंका आहे. एकटा मोर असता तर लगेच कळलं असतं, कारण सुलट बाजूला उजवीकडे बघणारा मोर उलट बाजूला डावीकडे बघतो. बांगडी मोर गोलात समोरासमोर बसलेले असतात. कुठूनही बघा, चित्र तेच. त्यामुळे सुलट्या बाजूचे दोन फोटो काढून एकाला उलटा म्हणणं फार सोपं जातं.

त्यांच्याकडून पुढचं मागवा. पहिलं म्हणजे पदराचा एक कोपरा हातात धरून उलटवतानाचा छोटा व्हिडिओ. मध्ये कुठे तोडलेला नसावा आणि शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद दिसावा. मग पदरातल्या एकाच मोराचा उलट्या बाजूचा फोटो, इतक्या जवळून की मोराची मान चौकटभर येईल. काठ आणि अंग जिथे भेटतात त्या रेघेचा उलट्या बाजूचा फोटो. एका ओळीतल्या शेजारच्या दोन बुट्ट्या, त्याही उलट्या बाजूने. काठाची बाहेरची कड वीतभर लांबीची. पदर आणि अंग जिथे जुळतात ती जागा दोन्ही बाजूंनी. आणि शेवटचा फोटो अंगावर स्टीलची पट्टी ठेवून, कॅमेरा अगदी वरून सरळ धरून.

हे सगळं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून आले की ते दाबून छोटे होतात, धागे एकमेकांत मिसळतात, कधी कापडावर नसलेल्या लाटाही दिसायला लागतात. त्यावर धागे मोजणं व्यर्थ आहे.

आणि पैसे आधी देऊ नका.

शरद_कुलकर्णी

पैठणीचा विषय निघाला आहे म्हणून विचारतो. आमच्या सौभाग्यवतींची आईकडून आलेली नऊवारी पैठणी आहे. पदर घडीवर काळवंडला आहे. सोनाराकडून उजळून घेता येईल का? की ड्रायक्लीनिंगला द्यावी?

तिल्ली

शरदकाका, सोनाराची द्रावणं रेशमाला खातात, तिकडे नेऊ नका. काळं पडलं आहे याचा अर्थ बहुतेक चांदी आहे, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. तो डाग नव्हे, त्यामुळे ड्रायक्लीनिंगनेही जाणार नाही. मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ठेवू नका आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. घडीवर जरी तुटली तर ती परत जोडता येत नाही.

तुमच्या साडीचा एक जवळून फोटो मात्र जरूर टाका. काळवंडलेली जुनी जरी आणि नवी जरी शेजारी ठेवून बघितली तर मृण्मयीताईंनाही कळेल.

नीलिमा_इंदूर

मला हे वाचून धडधडायला लागलं आहे. माझ्याकडे बनारसी शालू आहे, हातमागाचा म्हणून घेतलेला. त्याच्या मागे बुट्ट्यांच्या कडेला धाग्यांची कापलेली टोकं आहेत, हात फिरवला की खरखरतं. मागची बाजू पुढच्यासारखी अजिबात नाही. म्हणजे मला फसवलं का?

तिल्ली

नाही नीलिमाताई, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. बनारसला दोन रीती आहेत. फेकवामध्ये बुट्टीचा धागा एका काठापासून दुसऱ्यापर्यंत फेकला जातो, बुट्ट्यांच्या मधला भाग मागे मोकळा लोंबतो आणि विणून झाल्यावर कापून टाकतात. तीच तुमची खरखर. कढुआमध्ये प्रत्येक बुट्टीला वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धाग्याची कांडी असते, तिथे कापण्यासारखं काही उरत नाही. कढुआ जास्त वेळखाऊ म्हणून महाग. पण फेकवासुद्धा हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो आहे.

म्हणून मागची बाजू बघताना आधी ठरवावं लागतं की कोणत्या विणीची मागची बाजू बघतो आहोत. पैठणीच्या पदराची कसोटी बनारसीला लावली तर अस्सल शालू नकली ठरेल. तुमचा शालू यंत्रमागावर विणलेला आहे का, हे त्या कापलेल्या टोकांवरून ठरत नाही, कारण यंत्रमागाच्या शालूलाही मागे तशीच टोकं असतात.

मृण्मयी_बंगळुरू

फोटो आले! बाई थोड्या नाराज झाल्या, पण पाठवले. व्हिडिओही पाठवला, कागदावर माझं नाव लिहून. सगळं जोडते.

मला काय दिसतं ते सांगते. मोराची मान मागून जवळजवळ तशीच आहे, फक्त निळ्या आणि सोनेरी रंगाच्या मधोमध बारीक उंचवटा दिसतो आणि कुठेकुठे दोन-तीन मिलिमीटरची धाग्याची टोकं आहेत. बुट्ट्यांच्या मध्ये मागून कुठलाही धागा जात नाही. पण काठ! काठाच्या मागे धागे मोकळे दिसतात, वेलीची नक्षी मागून धूसर आहे आणि जांभळा रंग काठाच्या आतपर्यंत गेलेला दिसतो. आता मी पूर्ण गोंधळले.

गार्गी_ठाणे

अगं बाई! काठाच्या मागे मोकळे धागे आहेत म्हणजे मशीनचीच की. बरं झालं विचारलंस. नको घेऊस.

नाशिककर

माझं नाशिकला कापडाचं दुकान आहे. गार्गीताईंशी सहमत. काठ जॅकार्डचा आहे हे स्पष्ट दिसतं. अंग आणि काठ यंत्रमागावर, पदर तेवढा हाताने, असा मिश्र माल असणार. ६२ हजार अजिबात देऊ नका.

तिल्ली

थोडं थांबा. एकेक फोटो घेऊन बोलू.

पदर आधी. मृण्मयीताईंनी जो उंचवटा पाहिला तोच महत्त्वाचा आहे. पैठणीच्या पदरात आडवा धागा एकच नसतो. जमिनीची, म्हणजे नक्षीभोवतालच्या सपाट भागाची जरी एका तिल्लीवर, मोराच्या मानेचं निळं रेशीम दुसऱ्या तिल्लीवर, चोचीचं लाल तिसरीवर. जरी मानेच्या कडेपर्यंत येते, निळ्या धाग्यात अडकते आणि तिथूनच परत फिरते. निळा आपल्या हद्दीतून परत फिरतो. हे अडकणं ओळीमागून ओळ एकावर एक चढत जातं, त्याची कड मागे बोटाला लागते. आता फोटो मोठा करून निळ्या मानेच्या मागे बघा: तिथे सोनेरी कुठेच नाही. जॅकार्डच्या पदरात जमिनीची जरी नक्षीच्या मागून पुढे चालत राहते, म्हणून निळ्याच्या मागे सोनेरी सापडतंच, नाहीतर ते कापल्याच्या खुणा तरी सापडतात. पुण्यात गेलात की मोर आणि शेजारची जमीन चिमटीत धरून बघा. हाताच्या विणीत दोन्हींची जाडी जवळजवळ एकच लागते, जॅकार्डमध्ये मोर जाड लागतो. पदराच्या मागे जाळी किंवा अस्तर लावलेलं असेल तर ती काढल्याशिवाय बोलूच नये. इथे तसं काही नाही.

पदर हाताचा आहे, यात मला शंका नाही.

आता बुट्टी. फोटो नीट बघितला तर बुट्टीच्या मागे जांभळा धागा चालू आहे, म्हणजे पदरासारखी ही अडकवण नव्हे. जमीन आपली विणली जाते आणि बुट्टीची जरी वरून जास्तीची भरली जाते. पण प्रत्येक बुट्टीला वेगळी तिल्ली आहे, म्हणूनच शेजारच्या दोन बुट्ट्यांच्या मध्ये धागा नाही आणि कापलेली टोकंही नाहीत. आमच्याकडेही अंगातली बुट्टी अशी विणतात.

राहिला काठ. नाशिककर, जॅकार्ड म्हणजे यंत्रमाग नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. जॅकार्ड हे मागावर वर बसवलेलं नक्षीचं यंत्र. ते हातमागावरही बसतं. येवल्यात ब्रोकेड काठाच्या पैठण्या अशाच विणल्या जातात: काठ जॅकार्डवर, पदर तिल्लीने. काठाच्या मागे मोकळे धागे असणं या प्रकारात ठरलेलंच आहे. कडियल काठ असता तर गोष्ट वेगळी. तिथे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि अंगाचा रंग काठाच्या रेघेवर अडकून परत फिरतो. विकणाऱ्या बाईंनी ही कडियल म्हणून सांगितली असती तर मी खोटं म्हटलं असतं. त्यांनी ब्रोकेड काठ सांगितला आहे आणि काठ ब्रोकेडच आहे.

नाशिककर

मान्य, हातमागावर जॅकार्ड बसतं. पण बसतं म्हणजे इथे बसलंच होतं असं कुठे सिद्ध होतं? अंग आणि काठ यंत्रमागावरचे असू शकतात, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे.

तिल्ली

रास्त प्रश्न. म्हणूनच पदर आणि अंग जुळतात त्या जागेचा फोटो मागवला होता. मृण्मयीताई, तिथे शिवण आहे का? अगदी बारीक, रफू केल्यासारखीसुद्धा?

मृण्मयी_बंगळुरू

नाही. व्हिडिओतही मी थांबवून थांबवून पाहिलं. जांभळे उभे धागे अंगातून सरळ पदरात जातात. पदराच्या सोनेरी जमिनीतही जवळून बघितलं तर जांभळी झाक दिसते.

तिल्ली

मग झालं. उभे धागे म्हणजे ताणा मागावर एकदाच चढतो. पदर आणि अंग एकाच ताण्यावर असतील तर ते एकाच मागावर विणले गेले आहेत. आणि तिल्लीने रंग अडकवत, ओळीओळीने विणलेला पदर यंत्रमागावर होत नाही, तिथे माणसाला प्रत्येक ओळीला थांबून दहा-वीस तिल्ल्या हाताने फिरवायला वावच नसतो. म्हणून पदर हाताचा आणि ताणा अखंड, एवढं पक्कं झालं की अंगही त्याच हातमागाचं.

सोनेरीत जांभळी झाक दिसते हेही त्याचंच लक्षण. पदरात आडवी जरी असली तरी उभा धागा जांभळाच राहतो. तो थोडा डोकावतो. फार डोकावत असेल तर मात्र जरी सैल ठोकली आहे असं समजायचं. या फोटोत झाक आहे, सैलपणा नाही.

काठाची कडही बघा. पाच-सहा सेंटिमीटरवर टाचणीच्या भोकांचे छोटे पुंजके दिसतात. कापड विणताना आत ओढलं जाऊ नये म्हणून दोन टोकांना टाचण्या असलेली पट्टी आडवी ताणून बसवतात आणि विणत जाऊ तशी ती पुढे सरकवतात. जिथे जिथे बसली, तिथे भोकं पडली. यंत्रमागाला हे काम फिरत्या काटेरी कड्या करतात, त्यांची खूण कडेने सलग चालते.

नाशिककर

ताण्याचा मुद्दा पटला. माझं म्हणणं मागे घेतो. किमतीचं नाही.

अमेय_पिंपरी

मी मशिन शॉपमध्ये मोजमापाचं काम करतो, म्हणून पट्टीवाला फोटो घेऊन बसलो. अंगात तीन वेगळ्या ठिकाणी अर्ध्या इंचात आडवे धागे मोजले: ३९, ४३ आणि ३७. उभे धागे तिन्ही ठिकाणी ४२. म्हणजे इंचाला साधारण ८० आडवे, ८४ उभे. घनता चांगली दिसते. मशीनपेक्षा हाताची वीण घट्ट असते ना? मग हा आकडा हातमागाचा पुरावा धरता येईल का?

तिल्ली

अमेय, मोजणी छान केलीत, पण निष्कर्ष उलटा निघतो. किती धागे आहेत यावरून हात की यंत्र हे कळत नाही. यंत्रमाग इंचाला ८० काय, १०० सुद्धा धागे घालतो, आणि स्वस्तातला विणकर हातमागावरही ५० वर भागवतो. घनता सांगते ती रेशीम किती घातलं आहे ते, साडी अंगावर किती टिकेल ते आणि चुण्या कशा पडतील ते.

तुमच्या आकड्यांत हात दिसतो तो दुसऱ्याच जागी. उभे तिन्हीकडे ४२ आहेत, कारण ते फणीच्या दातांनी ठरतात आणि फणी बदलत नाही. आडवे ३७ ते ४३ फिरले, कारण ते माणसाने ठोकले आहेत. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात वेगळा, बुट्टी भरायला थांबलं की पुढचा ठोका वेगळा. यंत्रमागावर तिन्ही ठिकाणी आडवेही जवळजवळ सारखे आले असते.

पण हेसुद्धा एकट्याने पुरावा नाही. बिघडलेल्या यंत्रमागावर, माग बंद करून परत चालू केला त्या ठिकाणी, असाच पट्टा येतो. आणि कसलेला विणकर इतका एकसारखा ठोकतो की दोन धाग्यांचाही फरक सापडत नाही. घनतेचा फरक इतर खुणांसोबत वाचायचा असतो.

गार्गी_ठाणे

बरं, मग हात ठरला. जरीचं काय? मी म्हटलं होतं लाल धाग्याचं, ते का चुकीचं?

तिल्ली

गार्गीताई, पूर्वी ते बऱ्यापैकी चालायचं. खऱ्या जरीत आत रेशमाचा धागा, त्यावर चपटी केलेली चांदीची तार गुंडाळलेली आणि वर सोन्याचं पाणी. कांचीपुरमच्या जरीत आतलं रेशीम लाल असतं, तिथून ही खूण पसरली. पण धागा लाल रंगवायला काय लागतं? आज तांब्याच्या जरीतही लाल धागा घालतात, प्लास्टिकच्या जरीतही. गाभ्याच्या रंगावरून काही ठरत नाही.

बाजारात साधारण तीन जातींची जरी आहे. चांदीची, तांब्याच्या तारेवर चांदीचा हलका थर दिलेली आणि प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची. यातली तिसरी भिंगाखाली ओळखू येते: पट्टी एकसारखी चकाकते, दुमडली तिथे चुरगळल्यासारखी कड येते, जाळली तर वितळून गोळा होतो. मृण्मयीताईंच्या फोटोत तार गुंडाळल्याचे वेढे दिसतात, म्हणजे ही बहुतेक धातूची आहे. पण चांदी की तांबं, हे नव्या साडीच्या फोटोवरून मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वर थर सारखाच असतो, चमकही सारखीच दिसते. फरक उघडा पडतो तो साडी घडीवर झिजल्यावर: चांदीची काळपट-राखाडी होते, तांब्याची तांबूस दिसायला लागते.

शरदकाकांनी फोटो टाकला आहे तो बघा. त्यांच्या घडीवर राखाडी आहे, तांबडं कुठेही नाही.

शरद_कुलकर्णी

हे वाचून घरात फार आनंद झाला. सौभाग्यवतींनी साडी जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवली आहे.

मृण्मयी_बंगळुरू

मग सिल्क मार्कचा काहीच उपयोग नाही का?

तिल्ली

आहे, पण तो जेवढं सांगतो तेवढाच. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या छत्राखाली चालतो आणि रेशीम शुद्ध आहे एवढीच हमी देतो. जरी कशाची आहे हे तो सांगत नाही, हातमाग की यंत्रमाग हेही सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळतो आणि त्यात काही गैर नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. लेबलवर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून बघा, होलोग्राम असलेलं लेबल एका साडीवरून काढून दुसरीला लावल्याचे प्रकार होतात.

जरीसाठी सरळ मार्ग एकच. पुण्यात गेलात की बाईंना सोबत घेऊन ज्या सोनाराकडे धातू तपासायचं एक्सआरएफ यंत्र आहे तिथे जा. साडीला इजा होत नाही, धागाही काढावा लागत नाही. पदराचा भरगच्च सोनेरी भाग दोन-तीन घड्या करून यंत्राखाली ठेवायला सांगा, म्हणजे खालच्या रेशमापेक्षा धातू जास्त येतो. नक्षीवर ठेवू नका, सपाट सोनेरी जमिनीवर ठेवा.

आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्राला रेशीम दिसत नाही, ते फक्त धातूंचं आपसातलं प्रमाण दाखवतं. चांगल्या जरीत वजनाने चांदी निम्म्याच्या आसपास असते आणि बाकी आतलं रेशीम आणि थोडं तांबं, पण यंत्रावर तीच जरी चांदी त्याहून बरीच जास्त दाखवेल. त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला चांदीचा टक्का आणि यंत्राचा टक्का यांची गल्लत करू नका. तांब्याची जरी असेल तर थर इतका पातळ असतो की किरण आरपार जाऊन तांबंच जास्त दाखवतात. आणि प्लास्टिकची असती तर आत ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, तो सोनाराच्या यंत्रावर सहसा नीट दिसतच नाही.

मृण्मयी_बंगळुरू

मंडळी, पुण्याहून लिहिते आहे. साडी हातात घेतली. मोर आणि जमीन चिमटीत सारखेच लागले, शिवण नाही, भोकं आहेत. हात फिरवताना फार बरं वाटलं.

मग सोनाराकडे गेलो. बाई आल्या, हे त्यांचं मोठेपण. पदराची जमीन दोन ठिकाणी ठेवली. तांबं ९० च्या वर, चांदी ६-७, सोनं नाही. बाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना ही साडी ज्यांनी दिली त्यांनी चांदीचीच म्हणून दिली होती, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं. आता ४५ हजार म्हणतात. घ्यावी का?

नाशिककर

नको. तांब्याची जरी काही वर्षांत तांबूस पडते, ती कोणी परत घेत नाही. चांदीची जुनी झाली तरी जरीचे पैसे येतात, हिचे शून्य. ३० च्या वर जाऊ नका.

तिल्ली

नाशिककरांचा परत विकण्याचा हिशेब बरोबर आहे, पण मी ३० म्हणणार नाही. रेशीम शुद्ध, घनता चांगली आणि हाताच्या विणीचा बांगडी मोर पदर. एवढा पदर विणायला मागावर बसणाऱ्या माणसाचे काही आठवडे जातात, जरी चांदीची असो की तांब्याची, त्याचा वेळ तेवढाच लागतो. बहुतेक पैसे त्या वेळेचे आहेत. ४० च्या आसपास मला योग्य वाटते. मात्र बिलावर 'हातमाग, तांब्याची जरी' असं लिहून घ्या, म्हणजे उद्या तुमच्याकडून ही चांदीची म्हणून पुढे जाणार नाही.

नाशिककर

विणकराचा वेळ मला मान्य आहे, पण त्या वेळेचे पैसे विणकरापर्यंत पोचले का? मधल्याने चांदीच्या भावाने विकली असेल तर त्याच्या नफ्याची किंमत मृण्मयीताईंनी का द्यावी?

अमेय_पिंपरी

एक शंका. यंत्राखाली दोन्ही वेळा पदराचीच जमीन ठेवली होती ना? काठ जॅकार्डवर वेगळ्या धाग्याने विणला आहे. तिथली जरी तीच आहे हे कशावरून?

तिल्ली

कशावरूनच नाही, अमेय. काठाला एक आणि पदराला दुसरी जरी लावलेल्या साड्या मी पाहिल्या आहेत. बहुतेक वेळा भारी जरी पदरात जाते आणि हलकी काठात, त्यामुळे इथे काठात चांदी निघेल अशी मला आशा नाही. तरी मृण्मयीताई, अजून पुण्यात असाल तर काठ एकदा यंत्राखाली ठेवून बघा आणि आकडे इथे टाका.